वाचणारा एक, ऐकणारे अनेक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वर्तमानपत्रं सगळ्यात बारकाईने कोण वाचत असेल, तर ते मुंबई सरकार. १८६८ सालापासून सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीत इलाख्यातल्या देशी भाषांमधली पत्रं दर आठवड्याला चाळली जात. त्यातल्या मजकुराचा इंग्रजीत गोषवारा काढून तो छापला जाई आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गुपचूप पाठवला जाई. खानदेशातल्या एखाद्या मामलेदाराविरुद्ध कुणी चार ओळी लिहिल्या, तरी त्या साहेबाच्या टेबलावर पोचत. आज कित्येक जुन्या पत्रांचे अंक कुठेच सापडत नाहीत. त्यांत काय छापलं होतं हे कळतं ते या गोषवाऱ्यांतून, म्हणजे टेहळणीसाठी केलेल्या नोंदींतून.

सरकारने एवढा खटाटोप का करावा? यातल्या बहुतेक पत्रांचा खप शेकड्यांत असे, फार तर हजार-दोन हजार. १९०१च्या जनगणनेत सबंध हिंदुस्थानात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात जेमतेम पाच भरली, आणि बायकांमध्ये तर शंभरात एकसुद्धा नाही. आकडे पाहिले तर ही वर्तमानपत्रं म्हणजे पुण्या-मुंबईच्या मूठभर शिकलेल्यांची आपसातली चर्चा वाटावी. सुरुवातीला ती तशी होतीही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली काढलेल्या ‘दर्पण’मध्ये एक रकाना मराठी आणि शेजारचा इंग्रजी असे. साहेबाला देशी लोकांचं मन कळावं आणि देशी लोकांना नवी विद्या, असा त्यामागचा हेतू. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त १८४८पासून लोकहितवादींची पत्रं येऊ लागली आणि ब्राह्मणांच्या आळसावर, जुन्या रूढींवर मराठीतून कोरडे ओढले जाऊ लागले. पण ते कोरडे खाणाराही वाचणाराच होता. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्यापर्यंत हे कसं गेलं, हा प्रश्न उरतोच.

त्यातला अर्धा भाग सोपा आहे. अंक एकटा कुणी वाचत नसे. टपाल आलं की शाळामास्तर, कुलकर्णी किंवा पोस्टातला कारकून पत्र उघडी आणि चावडीवर, देवळाच्या ओट्यावर ते मोठ्याने वाचून दाखवी. पोथी ऐकायची सवय गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची होती. त्याच बैठकीत वर्तमानपत्र येऊन बसलं. तालुक्याच्या गावी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाल्या होत्या, तिथे एक अंक दिवसभर हातोहात फिरे. १८५४पासून टपालाचा दर अंतर कितीही असलं तरी एकसारखा झाला आणि १८६३मध्ये बोरघाटातून आगगाडी अखंड धावू लागली. त्यामुळे पुण्यात छापलेला अंक कोकण-वऱ्हाडात पोचणं आवाक्यात आलं.

पण ऐकलं म्हणजे मनावर घेतलं असं होत नाही. कीर्तन ऐकून किती जण वैरागी होतात? त्या काळचं जे साहित्य आणि ज्या नोंदी हाती लागतात, त्यांवरून माझं मत असं झालं आहे, की ज्या अग्रलेखांना आपण शाळेत मान देतो, त्यांनी एकट्याने हे काम केलेलं नाही. पत्राने एखादी नेमकी अन्यायाची गोष्ट, गावाच्या आणि माणसाच्या नावासकट सांगितली, आणि ऐकणाऱ्याला ‘आता मी अमुक करू शकतो’ असं वाटलं, तिथे विचार रुजले.

नेमक्या गोष्टीचा धोका काय असतो, हे ‘केसरी’ला पहिल्याच वर्षी कळलं. ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी, ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी ही न्यू इंग्लिश स्कूलची मंडळी त्यामागे होती, संपादक आगरकर. रात्री रस्तोरस्ती दिवे असले आणि पोलिसाची गस्त चालू असली की जी कामं होतात, तीच वर्तमानपत्राने करायची, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. त्या वेळी कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी वेडे आहेत असं सरकारचं म्हणणं होतं, आणि दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात अशी लोकांत बोलवा होती. छत्रपतींच्या गादीचा प्रश्न म्हटल्यावर शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. ‘केसरी’ आणि त्याचं इंग्रजी भावंड ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर तोफ डागली. पुरावा म्हणून बर्व्यांची म्हणून सांगितली गेलेली काही पत्रंही छापली. ती पत्रं बनावट निघाली.

इथे त्या काळच्या पत्रांचा कच्चा दुवा दिसतो. पगारी बातमीदार ठेवायला पैसा नसे. बाहेरगावची बातमी म्हणजे कुणी तरी टपालाने पाठवलेला मजकूर. पाठवणाऱ्याचा हेतू काय, खरं किती, खोटं किती, हे संपादकाने पुण्यात बसून ओळखायचं. पत्रं खोटी असल्याचं कळल्यावर संपादकांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला मागे घेतला नाही. जुलै १८८२मध्ये टिळक-आगरकरांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

खटला चालू असताना जामिनाची मोठी रक्कम लागली, तेव्हा ज्योतिराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे पुढे आले आणि त्यांनी दहा हजारांचा जामीन दिला. सत्यशोधक समाजाचं आणि चिपळूणकरांच्या मंडळींचं किती सख्य होतं हे सांगायला नको. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांची यथेच्छ टवाळी केलेली होती. तरीही छत्रपतींच्या वंशजावरचा अन्याय छापल्याबद्दल दोन ब्राह्मण संपादक तुरुंगात निघाले, तेव्हा सत्यशोधक त्यांच्या मदतीला धावले आणि सुटकेनंतर त्यांच्या सत्काराला मुंबईत हजरही राहिले. ‘आपण सारे एका देशाचे’ या विषयावर कितीही अग्रलेख लिहिले असते, तरी अशी माणसं एकत्र आली असती का, याची मला शंका आहे.

मुंबईतल्या त्या मंडळींत नारायण मेघाजी लोखंडे हे मुख्य. त्यांचं पत्र ‘दीनबंधु’. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ते सुरू केलं. शेतकरी, माळी, कारागीर यांची बाजू मांडणारं असं पत्र त्याआधी मराठीत नव्हतं. पैशाअभावी ते बंद पडायच्या बेतात आलं, तेव्हा १८८०मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणून नव्याने चालवलं. लोखंडे ठाण्याचे. रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून पुढे कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीच्या भोंग्याने दिवस कसा सुरू होतो, हे त्यांना कुणी पत्र लिहून कळवायची गरज नव्हती.

१८८१चा कारखान्यांचा कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालचं पोर कामाला घ्यायचं नाही आणि बारापर्यंतच्या पोराला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, एवढाच त्यातला मुख्य भाग. मोठ्या माणसाच्या तासांना मर्यादा नव्हती आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८४मध्ये मुंबई सरकारने या कायद्याची फेरतपासणी करायला कमिशन नेमलं. एरवी अशा कमिशनपुढे गिरणीमालक आणि डॉक्टर यांचंच म्हणणं जायचं. लोखंड्यांनी ‘दीनबंधु’तून हा विषय लावून धरला आणि सप्टेंबर १८८४मध्ये परळला कामगारांच्या दोन सभा भरवल्या. तिथे तयार झालेल्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या.

त्या अर्जातल्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळताना थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची काही सोय व्हावी. यात समता, हक्क, स्वातंत्र्य असा एकही मोठा शब्द नाही. पण वेळ, वार आणि तारीख सांगून मालकाकडे मागणं करता येतं, आणि ते सरकारपुढे कागदावर मांडता येतं, ही कल्पनाच तोवर चाळीत नव्हती. सहा वर्षं हा विषय रेंगाळला. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही तिथे बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच साली लोखंड्यांनी आणखी एक गोष्ट केली. विधवांचं केशवपन वाईट आहे, हे सुधारक पत्रांतून वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं. ‘इंदुप्रकाश’ने १८६०च्या दशकात विधवाविवाहासाठी मोठी मोहीम चालवली होती. ते सगळं लिखाण घरातल्या कर्त्या पुरुषाला उद्देशून असे: शास्त्राधार काय, धर्म काय, दया कशी दाखवावी. लोखंडे थेट वस्तरा धरणाऱ्याकडे गेले. मुंबईत न्हाव्यांची सभा भरवून, आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा ठराव त्यांनी करून घेतला. त्याने प्रथा लगेच बंद पडली असं नाही. पण हा सुधारणेचा प्रश्न आपल्याही हातातला आहे, हे न्हाव्याला त्या दिवशी कळलं असणार.

नेमकेपणाचा सगळ्यात चोख वापर मात्र १८९६-९७च्या दुष्काळात ‘केसरी’ने केला. १८८७पासून ‘केसरी’ टिळकांच्या हाती होता. आगरकर बाहेर पडले होते आणि १८८८मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला होता. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोन्ही पत्रांचं जे जुंपलं ते प्रसिद्ध आहे, इथे त्यात शिरत नाही. १८९६ला पाऊस गेला आणि दख्खनमध्ये पीक बुडालं. पूर्वीच्या दुष्काळांनंतर सरकारने दुष्काळाचे नियम तयार करून ठेवले होते, त्यांना ‘फॅमिन कोड’ म्हणत. पीक किती आलं याच्या अंदाजावरून, म्हणजे आपण आजही जिला आणेवारी म्हणतो तिच्यावरून, सारा तहकूब किंवा माफ करता येतो. उपाशी माणसाला काम आणि पोटापुरती मजुरी देणं हे सरकारचं काम आहे, असं त्यात होतं. अडचण एवढीच, की हे सगळं इंग्रजीत आणि कचेरीच्या कपाटात होतं. गावात सारावसुली नेहमीप्रमाणे चालूच होती.

टिळकांनी या नियमांचं सार मराठीत आणलं. ‘केसरी’तून ते आठवड्यामागून आठवडे समजावून सांगितलं आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांना पत्रकं देऊन जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवलं. लिखाणाचा सूर पाहण्यासारखा आहे. सरकार उलथून टाका असं त्यात कुठेच नाही. उलट, राणीसरकारची इच्छा कुणी उपाशी मरू नये अशी आहे, गव्हर्नर तेच म्हणतो, मग तुम्ही भित्रेपणाने का मरता, असा सवाल आहे. दाणेबाजार लुटू नका. कलेक्टराकडे जा आणि काम मागा, कारण ते देणं त्याचं कर्तव्य आहे, असं सांगितलं आहे. सारा भरायची ऐपत असेल तर भरा, पण त्यासाठी बैल आणि भांडीकुंडी विकू नका, असंही बजावलं आहे.

शेतकऱ्याच्या बाजूने हे ऐकून पाहा. आजवर तो साहेबापुढे जायचा तो हात जोडून, मायबाप सरकार म्हणत, दयेची भीक मागायला. आता मास्तर चावडीवर वाचून दाखवतो आहे, की तू मागतोस ते सरकारच्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. दयेवरून हक्कावर येण्याचं हे वळण आहे, आणि माझ्या मते राष्ट्रवाद म्हणून जो पुढे आला त्याचा गावातला पाया हाच. सरकारलाही ते लगेच उमगलं. कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७मध्ये सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार ठेवायचं सरकारने बंद केलं. सरकारचाच नियम वाचून दाखवणं हा गुन्हा कसा ठरवायचा, ही मात्र पंचाईत होती. ती सुटली दुसऱ्याच कारणाने. प्लेगच्या बंदोबस्तात पुणं पोळून निघालं, २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडली गेली, आणि शिवराज्याभिषेक उत्सवाची हकिकत व एक कविता छापल्याबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. या पत्रांनी आपल्या वाचकाला सगळंच सांगितलं असं नाही. फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधु’त आली; पुढचा मजकूर सरकारी अधिकाऱ्यांवर फार कडक होता, म्हणून आपल्याच माणसांच्या पत्राने तो थांबवला. फुल्यांना ते फार लागलं आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. ‘केसरी’ने शेतकऱ्याला साऱ्याचे नियम सांगितले, पण त्याच शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या गावच्या सावकाराबद्दल आणि कुलकर्ण्याबद्दल तो इतका स्पष्ट नव्हता. वर्गणीदार कोण होते हे ध्यानात घेतलं की यात नवल वाटत नाही.

आणि बायका? त्यांच्याबद्दल रकानेच्या रकाने छापले जात, त्यांना उद्देशून जवळजवळ काहीच नाही. १८८१मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, जन्मलेल्या मुलाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर वाद पेटला. ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी सगळा दोष बायकांच्या माथी मारला. हा मजकूर वऱ्हाडात, बुलढाण्याला, एका बाईने वाचला. तिचं नाव ताराबाई शिंदे. पुढच्याच वर्षी, १८८२मध्ये, तिचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून आलं. बायकांना दोष देणाऱ्या या संपादकांना, आणि ज्या सुधारकांची सुधारणा सभेतल्या टाळ्यांपलीकडे जात नाही त्यांनाही, तिने असं काही फैलावर घेतलं की आजही वाचताना हसू येतं आणि मग हसू जातं. पुस्तकाची कुचेष्टा झाली. फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर तिचं दुसरं पुस्तक निघालं नाही.

पण पुण्यात छापलेला एक अंक बुलढाण्यातल्या घरात शिरतो आणि तिथून उलट उत्तर येतं, हे घडलं खरं. संपादकाला जे पसरवायचं होतं त्याच्या नेमकं उलट काही तरी त्या घरात रुजलं. वर्तमानपत्राने विचार ‘पसरवले’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा ऐकणारा गप्प बसून ऐकत होता असं धरून चालतो. तो गप्प नव्हता. परळच्या अर्जावर त्याची सही आहे, दुष्काळात तो कलेक्टराच्या कचेरीपुढे उभा आहे.

म्हणून जुने अंक चाळायची कधी संधी मिळाली, पुण्याच्या नगर वाचन मंदिरात म्हणा किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, तर अग्रलेखावर थांबू नका. अग्रलेख निवडक लेखांच्या खंडांत छापून झालेले आहेत, ते घरी बसून वाचता येतात. मागची पानं उलटा. ‘पत्रव्यवहार’ आणि ‘बाहेरगावची वर्तमाने’ या मथळ्यांखाली बारीक टायपात कुणी तरी कुठल्या तरी तालुक्याहून आपलं गाऱ्हाणं कळवलेलं असतं. ते आधी वाचा.